एका क्रियेला एकच कर्ता

मी पिंजाऱ्याची मुलगी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे भर वर्गात ते मला ऐकवलं गेलं, आणि ऐकवणाऱ्याला वाटलं की मी त्यानं खजील होईन. माझे वडील अमरावतीत राजापेठेकडे कापूस पिंजून गाद्या-रजया भरत. दिवसभर अंगावर कापसाचं भुसकट असे. घरात आम्ही अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी उर्दू बोलत असू, आणि कुठली कुठे संपते याचा विचार कुणी करत नसे.

अरबी मी अकोल्याला शिकले. मॅट्रिक झाल्यावर खालाच्या, म्हणजे मावशीच्या, आजारपणात तिच्याकडे राहायला गेले होते. शेजारी एक म्हातारे उस्ताद राहत, शाळेतून निवृत्त झालेले. मी त्यांना भाकरी नेऊन देई आणि ते मला व्याकरण देत. भाकरी कडक झाली तर कुरकुर करत नसत, पण क्रियापद चुकलं की ताट बाजूला सारत. तीन वर्षं असं चाललं. बायकांना कुराण वाचता आलं म्हणजे पुरे, असं बाकीचे म्हणत. उस्ताद म्हणायचे, "जो नुसतं वाचतो त्याला दुसरा सांगेल तो अर्थ घ्यावा लागतो."

साठच्या दशकातली गोष्ट आहे. अमरावतीतल्या मुलींच्या एका उर्दू शाळेत अरबी शिकवायला कुणीतरी हवं होतं. नववीच्या अकरा मुलींनी मॅट्रिकसाठी अरबी घेतली होती, आणि शिकवणारं कुणी नव्हतं. मी अर्ज केला. दुसरा अर्ज परतवाड्याच्या एका तरुणाचा होता. कमिटीनं सांगितलं, दोघांनी नववीच्या वर्गावर एकेक धडा घ्यायचा, आम्ही मागे बसून बघू.

मला ती नोकरी हवी होती. उगाच आढेवेढे घेऊन सांगत नाही, फार हवी होती. गाद्या शिवण्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता, पण तीन वर्षं डोक्यात भरलेलं कुणाला तरी द्यायचं होतं, आणि देण्यासाठी शहरात तेवढी एकच जागा होती. निघताना वडील म्हणाले, "जाय. पन तिथं भांडून नको राहू." त्यांना मी चांगली ठाऊक होते.

कमिटीतले दोघे आले होते. अध्यक्ष हाजीसाहेब, कापसाचे मोठे दलाल, शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच बांधून दिलेल्या. आणि मौलवीसाहेब, जवळच्या मशिदीचे इमाम. कमिटीत खरोखर अरबी येणारा तो एकच माणूस. त्यांची मुलगी त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसली होती.

मी मुद्दाम तो धडा निवडला जिथे आमच्या मुली हमखास चुकतात. मराठीत "पाहुणे आले" म्हणा की "आले पाहुणे" म्हणा, "आले" काही बदलत नाही. उर्दूतही तसंच. म्हणून मुली अरबीतही तेच करतात, आणि तिथेच मार्क जातात. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पहिलं, "अल-औलादु ज़हबू", मुलगे गेले. दुसरं, "ज़हबल औलादु", तेच मुलगे, तेच जाणं, पण क्रियापद आधी आलं आणि एकवचनी झालं. शब्दाला शब्द ठेवून सांगायचं तर "गेला मुलगे". मुली हसल्या. हसू दिलं. हसलेलं वाक्य लक्षात राहतं.

मग का, ते सांगितलं. उस्तादांनी मला जसं सांगितलं होतं तसंच. "ज़हबू" मधला शेवटचा "ऊ" नुसती खूण नाही. तो स्वतःच "ते" आहे, म्हणजे कर्ता आहे. आणि एका क्रियेला कर्ता एकच. सायकलच्या सीटवर एकच जण बसतो तसं. मुलगे क्रियापदाच्या मागून स्वतः येऊन बसणार असतील, तर "ऊ" ला आधीच बसवून चालत नाही, दोघांची जागा एकच आहे. म्हणून क्रियापद रिकामं, एकवचनी. पण मुलगे वाक्यात आधीच येऊन गेले असतील, तर ते वाक्याचा विषय होतात, कर्त्याची जागा मोकळी राहते, आणि तिथे "ऊ" बसतो.

"और लड़कियाँ?" मौलवीसाहेबांच्या मुलीनं विचारलं. नेमका तोच प्रश्न मला हवा होता. मी लिहिलं, "ज़हबतिल बनातु", मुली गेल्या. इथे "त" लागला आहे, पण तो कर्ता नाही. जाणारी बाई आहे एवढंच तो सांगतो, किती जणी ते सांगत नाही. म्हणून तो बसला तरी कुणाची जागा अडत नाही. मुली आधी आल्या तर मात्र "अल-बनातु ज़हबना", तिथे "ना" म्हणजेच "त्या". वर्गातल्या निम्म्या जणींच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांना कळलंय. असं दिसतं तेव्हा जो आनंद होतो तो मी दुसऱ्या कशातच पाहिला नाही.

तेवढ्यात मागून हाजीसाहेब म्हणाले, "बेटी, वो ग़लत है. मिटा दो."

मी विचारलं, काय चुकलं. ते उठून पुढे आले. "हम चार महीने जद्दा में रहे. बाज़ार में सुना है, कानों से. अरब बोलता है, राहू अल-औलाद. गए बच्चे. बहुत लोग हैं तो बहुत बोलेगा ना?"

खरं सांगते, ते खोटं बोलत नव्हते. बाजारातले अरब तसंच बोलतात. ती बोली आहे. मी म्हटलं, "हाजीसाहेब, तुम्ही ऐकलं ते बरोबर ऐकलं. पण ते आपल्या 'मले-तुले' सारखं आहे. मीही घरी 'मले' म्हणते, मला त्याची लाज नाही. पण पेपरात 'मले' लिहिलं तर तपासणारा मार्क कापतो. या मुलींचा पेपर पुस्तकावरून तपासला जाणार, बाजारावरून नाही."

मी हे नम्रपणे म्हटलं असं मला वाटतं. त्यांना तसं वाटलं नाही. अरबांच्या भाषेला मी वऱ्हाडी म्हटलं, आणि तेही अकरा मुलींसमोर. त्यांचा चेहरा लाल झाला. "पिंजारे की लड़की हमको अरबी सिखाएगी?"

मी मौलवीसाहेबांकडे वळले. त्यांनी उभा जन्म त्या व्याकरणात घालवला होता. म्हटलं, "मौलवीसाहेब, आपण सांगा."

त्यांनी जमिनीकडे पाहिलं. त्यांचा पगार हाजीसाहेबांच्या हातात होता, ते राहत ती खोलीही. मग ते हळूच म्हणाले, "दोनों चलता है."

मला इतका राग कधी आला नव्हता. हाजीसाहेबांना माहीत नव्हतं, त्यांचं मी समजू शकत होते. यांना माहीत होतं. हाजीसाहेब पुन्हा म्हणाले, मिटा दो. मी म्हटलं, "मी बरोबर लिहिलेलं पुसणार नाही. तुम्हाला पुसायचं तर तुम्ही पुसा." आणि चपला घालून निघाले. मागे परतवाड्याच्या तरुणाला त्यांनी तेच विचारलं आणि तो "जी, आप जैसा फ़रमाएँ" म्हणाला, हे मला नंतर कळलं. नोकरी त्याला मिळाली.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग पुसून टाकाचं होतं ना, नोकरी लागली असती. दुसऱ्या दिवशी खरं शिकवलं असतं." मी म्हटलं, "अब्बा, पहिल्या दिवशी पुसलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या पोरींनी माझं कावून ऐकलं असतं, कशाला मानलं असतं?" ते पुन्हा कापूस पिंजायला बसले. मी सहा महिने गाद्या शिवल्या, आणि दर टाक्याला हाजीसाहेबांना नाही, मौलवीसाहेबांना शिव्या दिल्या.

दिवाळीनंतर एका दुपारी मौलवीसाहेब दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. वडिलांनी भुसकट झटकून त्यांना बसायला जागा केली. ते उभ्यानंच बोलले. सहामाहीच्या पेपरात त्यांच्या मुलीची आठ वाक्यं त्या तरुणानं चूक दिली होती. तिनं सगळीकडे आधी आलेलं क्रियापद एकवचनी ठेवलं होतं. पुन्हा लिही म्हटल्यावर तिनं नकार दिला, आणि घरी येऊन बापाला विचारलं, "अब्बा, ये तो आपने मुझे सात साल की उमर में सिखाया था. फिर उस दिन आप चुप क्यों रहे?"

मग त्यांना हाजीसाहेबांकडे जावं लागलं. हाजीसाहेबांनी खात्री करायला नागपूरच्या एका जाणकाराला पत्र टाकलं, माझंच बरोबर असल्याचं उत्तर आलं, आणि तो तरुण मुलींच्या प्रश्नांना कंटाळून आधीच नोकरी सोडून गेला होता. मॅट्रिकची परीक्षा काही फार लांब नव्हती. कमिटीनं मला बोलावलं होतं.

वडील माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत चक्क विनवणी होती. मी तरी म्हटलं, "येईन. पण आधी तुम्ही त्याच वर्गात, त्याच मुलींसमोर ते वाक्य लिहायचं. माझी माफी नको. वाक्य हवं."

वडिलांनी कपाळाला हात लावला. मौलवीसाहेब म्हणाले, "कल आऊँगा."

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले. हाजीसाहेब आले नाहीत, त्यांची मला गरजही नव्हती. मौलवीसाहेबांचं अक्षर माझ्याहून किती तरी सुंदर होतं. त्यांनी "ज़हबतिल बनातु" लिहिलं, "त" खाली रेघ ओढली आणि कर्ता एकच का असतो ते मुलींना समजावलं. इतकं सोपं, इतकं नेमकं, की मीही त्यातून नवीन शिकले. हा माणूस केवढा मोठा शिक्षक होता, आणि आम्हाला तो मिळाला नाही, या विचारानं मला रडू यायला लागलं. रागानंच.

समजावून झाल्यावर ते मुलींकडे वळून म्हणाले, "उस दिन भी मुझे मालूम था."

त्यांची मुलगी दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मला वाटलं होतं, हे ऐकून माझं समाधान होईल. झालं नाही. माझ्यासाठी जे एक वाक्य त्यांना बोलवलं नाही, ते मुलीसाठी सहा महिन्यांनी बोलवलं. मी त्यांना थांबवलं नाही, सावरूनही घेतलं नाही. ते दारातून बाहेर गेल्यावर मी त्यांच्या मुलीला उभं केलं आणि म्हटलं, "आता तू सांग. मुलगे आधी आले तर काय होईल?"

तिनं डोळे पुसले आणि मोठ्या आवाजात सांगितलं.