पाण्याच्या पाळीची पोस्ट आणि तीन अर्ज

आखाडा बाळापूरच्या जवळच आमचं गाव. कोणत्या गल्लीला नळ कधी सुटणार, हे गावाच्या सोशल मीडियावरच्या पेजवर रोज सकाळी मीच टाकायचे. मी आजारी पडले की पोस्ट राहायची आणि बायका हंडे घेऊन ताटकळायच्या. म्हणून मी एक छोटं ॲप लिहिलं: व्हॉल्व्ह सोडणारे चाचा संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या वेळा भरतील आणि सकाळी पोस्ट आपोआप जाईल.

पेज चालवणाऱ्या कंपनीने ॲप मंजूर करेपर्यंत त्याने टाकलेलं फक्त मला आणि मी नेमलेल्या चाचणीच्या माणसांनाच दिसणार होतं. चाचांना मी असा टेस्ट युजर केलं. आमंत्रण त्यांच्याच फोनवर स्वीकारलं. दुसऱ्या दिवशी ते तणतणत आले.

"मला दिसून राहिलं, घरात कोनालाच न्हाई. काहून?"

"चाचा, अजून परवानगी न्हाई. तुमी आन् मी, दोघंच."

"मग हे पानी दोघांनीच भरायचं का?"

मी हसले आणि अर्जाला बसले. गोपनीयतेच्या धोरणाचं पान केलं, पंचायतीची कागदपत्रं पडताळणीला दिली, स्क्रीनचा व्हिडिओ जोडला. कंपनीने अर्ज नाकारला. व्हिडिओ लॉगिननंतर सुरू होत होता, त्यामुळे पेजचा मालक परवानगी देताना दिसतच नव्हता. शिवाय लोकांचे मेसेज वाचायची परवानगी मी उगाच मागितली होती. ती कशाला हवी, हे मलाच सांगता आलं नसतं. ती काढून टाकली. व्हिडिओ लॉगिनपासून पोस्ट दिसेपर्यंत सलग केला, खाली इंग्रजी ओळी टाकल्या आणि दुसरा अर्ज पाठवला.

पुन्हा नकार: कंपनीच्या तपासणाऱ्याला आमच्या ॲपमध्ये शिरताच आलं नाही. मी चक्रावले. मी दिलेला लॉगिन तर बरोबर होता. शेवटी चाचांना विचारलं.

"काल दुपारी फोनवर नंबर येऊन राहिले होते," ते म्हणाले. "तीन-चारदा आले. पन मी कोनालाच सांगितले न्हाईत. तूच म्हनली होतीस ना, ओटीपी द्यायचा न्हाई?"

मी तपासणीसाठी त्यांचंच खातं दिलं होतं. परदेशात कुठेतरी बसलेला माणूस ओटीपीची वाट पाहत होता आणि ओटीपी व्हॉल्व्हपाशी उभ्या चाचांच्या खिशात पोचत होता. त्यांना काय बोलणार? ते अगदी बरोबर वागले होते.

तपासणीसाठी वेगळं खातं केलं, नुसत्या पासवर्डवर चालणारं. दुसऱ्याच्या मोबाइलवरून स्वतः शिरून पाहिलं, पायऱ्या एकेक करून लिहिल्या आणि तिसरा अर्ज धाडला.

मंजुरी आली. तरी ॲप लाइव्ह केल्यावर पहिला आठवडाभर चाचांनी 'व्हय' दाबल्याशिवाय मी काहीच जाऊ दिलं नाही. एकदा त्यांनी चुकून दोन गल्ल्यांना एकच वेळ भरली, तेव्हा अशी चूक पकडणारी तपासणीही ॲपमध्ये घातली. वेळा भरल्याच नाहीत तर पोस्ट जाणार नाही, मला फोन येईल, असं ठरवलं.

मग 'व्हय'ची अट काढली. एका सोमवारी सकाळी कोणीच काही दाबलं नाही; वेळा चाचांनी आदल्या संध्याकाळीच भरल्या होत्या. सहाला पोस्ट पडली. मी चहा ठेवत होते तेवढ्यात चाचांचा फोन आला.

"बेटा, घरात समद्यांना दिसलं. आता फोन ठेव, मला पानी सोडायचंय."