काळ्या शुक्रवारचा आहेर

जळगावच्या त्या भांड्यांच्या दुकानाशी माझा संबंध लग्नपत्रिकांमुळे आला. मी धुळ्याला घरी बसून पत्रिकांचे मजकूर, दुकानांच्या जाहिराती, उद्घाटनाची निमंत्रणं असं लिहून देते. दुकान मूळच्या राजस्थानी कुटुंबाचं. त्यांच्या सूनबाईंच्या नणंदेची पत्रिका मी लिहिली, ती त्यांना आवडली आणि पुढे दुकानाच्या वेबसाइटचं मराठीही माझ्याकडे आलं. कुकर, मिक्सर, स्टीलचे डिनर सेट, घरी दळण दळायची घरघंटी, असं सगळं त्या वेबसाइटवर मिळायचं. सूनबाईंना मी भाभी म्हणायचे आणि त्या मला ताई. त्यांच्या सासऱ्यांना अख्खा बाजार बाबूजी म्हणायचा.

दिवाळी झाली की दुकानात आठ-पंधरा दिवस शुकशुकाट असतो. लोक शेतावर वांग्याच्या भरिताच्या पार्ट्यांत गुंतलेले असतात. त्या वर्षी भाभींनी ठरवलं, नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेत जो मोठा सेल होतो तो आपल्या वेबसाइटवर करायचा. पुण्याच्या एका एजन्सीला काम दिलं. एजन्सीनं इंग्रजीत सगळं छान केलं. मराठी मात्र, मला विचारण्याआधीच, मशीनकडून करून घेतलं आणि नमुना म्हणून पाठवायचा तो संदेश चुकून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर गेला.

संदेश असा होता. काळीकुट्ट चौकट. वर मधोमध बाबूजींचा पगडीतला फोटो, कारण दुकानाचं बोधचिन्हच ते आहे. खाली पांढऱ्या अक्षरांत: ‘काळा शुक्रवार. आमच्या कुटुंबाकडून आपल्या कुटुंबास. सर्वकाही गेलेच पाहिजे.’

भाभींचा फोन आला. “ताई, पहिली बस धरा. इथे लोक रडताहेत.”

मी पोचले तेव्हा दुकानाबाहेर चपलांचा ढीग होता. आत गादीवर धरणगावच्या एक अक्का डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. कापसाची शेती असलेल्या घरच्या, या दुकानाच्या फार जुन्या गिऱ्हाईक. सोबत दोन शेजारणी. शेजारच्या दुकानदारांनीही मान खाली घालून जागा धरली होती. खुलासा करायला जावं तर शेजारणी भाभींनाच धीर देत होत्या. भाभी चहा आणू की नको या पेचात उभ्या होत्या.

तेवढ्यात मागच्या दारानं बाबूजी आले. नुकतेच मंदिरातून आलेले, कपाळावर केशराचा टिळा. एवढी मंडळी बघून खूश झाले. “अरे वा! सकाळी सकाळी!”

अक्कांनी पदर मागे सारला. “शेठ! तुम्ही त जित्ता शेतस!”

“का? नको होतो?”

“मंग हाई काय लिखेल शे?” अक्कांनी मोबाइल पुढे केला. “बठ्ठं जाई म्हने.”

बाबूजींनी चष्मा लावला, स्वतःचा फोटो काळ्या चौकटीत पाहिला आणि खालच्या ओळी पुन्हा वाचल्या. मला वाटलं, आता भाभींची वेबसाइटच बंद होते. पण त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग अख्खं दुकान हसायला लागलं. शेजारचा एक दुकानदार तर सांत्वनाला आणलेला चेहरा आवरता आवरता खोकायलाच लागला.

“फोटो चांगला आलाय,” बाबूजी म्हणाले. “हाच ठेवा. पुढे लागेल.”

भाभींनी चहा सांगितला आणि सगळं समजावलं. अमेरिकेत गुरुवारी सण असतो, दुसऱ्या दिवशी खरेदी. तिकडे म्हणे तोटा लाल शाईनं लिहितात आणि नफा काळ्या, म्हणून तो दिवस काळा. आणि ‘गेलेच पाहिजे’ ते म्हणजे दुकानातला सगळा माल.

“लाल म्हणजे तोटा?” बाबूजींना हे पटेना. “आपण तर लाल वहीची पूजा करतो. आणि बेटा, शुक्रवार लक्ष्मीचा. तिला काळं कोण म्हणतं?”

आमची खरी कामाची बैठक त्या गादीवरच सुरू झाली. अक्का निघतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, भाचीचं लग्न आहे, घरघंटी द्यायची आहे, आलेच आहे तर बघूनच जाते. मी वही उघडली.

नावापासून सुरुवात. ‘महासेल’ सगळेच म्हणतात. ‘लक्ष्मी शुक्रवार’ बाबूजींना आवडलं, पण लगेच त्यांनीच मोडता घातला, लक्ष्मी सेलमध्ये काढली असं दिसेल. भाभी म्हणाल्या, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आपला माल तर लग्नातच जातो. त्यावर मला ‘शुक्रवारचा आहेर’ सुचलं. भाभींनी दोनदा म्हणून पाहिलं. बऱ्हाणपूरकडच्या गिऱ्हाइकांसाठी हिंदी पान होतं, तिथे त्यांनी स्वतःच ‘शगुन शुक्रवार’ केलं आणि स्वतःवरच खूश झाल्या. एजन्सी फोनवरून कळवळली, शहरातली मुलं शोधताना इंग्रजी नावच टाकतात, ते काढलंत तर पान सापडणार नाही. म्हणून पानाच्या शीर्षकात ‘ब्लॅक फ्रायडे’ बारीक अक्षरात राहू दिलं. रंग मात्र काळ्याचा हळदीचा झाला.

मग पैशांच्या सवलती. इंग्रजीत दोन शब्दांत भागतं, मराठीत प्रत्येक शब्द भांडतो. ‘कॅशबॅक’चं मी ‘पैसे परत’ केलं. अक्का लगेच म्हणाल्या, म्हणजे घरघंटी वापरून बघायची आणि नको वाटली तर पैसे परत? भाभींचा चेहरा उतरला. खरं तर ऑनलाइन पैसे भरताना बिलातच रक्कम कमी व्हायची होती, परत काही यायचंच नव्हतं. तिथे लिहिलं, ‘यूपीआयनं भरा, बिलातच लगेच सूट’. माझा आधीचा मसुदा ‘आधी पैसे भरा’ असा होता. भाभी म्हणाल्या, ताई, हे वसुलीला आल्यासारखं वाटतं.

सर्वांत मजा आली हप्त्यांची. एजन्सीनं ‘नो-कॉस्ट ईएमआय’ ठेवला होता. मी ‘बिनव्याजी हप्ते’ लिहिलं आणि बाबूजींनी विचारलं, “बँक व्याज सोडते?”

“नाही बाबूजी,” भाभी म्हणाल्या. “बँक व्याज लावतेच. तेवढी सूट आपण किमतीत आधीच देतो. गिऱ्हाइकाला एकूण तेवढंच पडतं.”

“म्हणजे गिऱ्हाइकाचं व्याज आपण भरायचं?”

“हो.”

“पिढ्यान्पिढ्या दुकान चाललं, पण हे पहिल्यांदाच ऐकतोय.” त्यांनी पाण्याचा पेला घेतला. “मग ते लिहा तरी. आपण भरतोय तर लोकांना कळू द्या.”

अशा रीतीनं ओळ ठरली: ‘हप्ते तुमचे, व्याज आमचं.’ मी खाली बारीक ओळ जोडली, की त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रक्रिया फी वेगळी लागेल. एजन्सीला ती ओळ नको होती. बाबूजी म्हणाले, बारीक लिहा पण लिहा, उद्या लोक पुण्याला नाही, इथे येऊन बसतील. आज येऊन बसलेले समोरच होते, त्यामुळे वाद वाढला नाही.

घरघंटी जड. गिऱ्हाइकानं दारातून परत पाठवली तर जाण्यायेण्याचं भाडं दुकानाच्या माथी. म्हणून माल पोचल्यावर पैसे देण्याची सोय भाभींनी फक्त कुकर, डब्यांसारख्या हलक्या वस्तूंना ठेवली. मोठ्या वस्तूंना पूर्ण पैसे आधीच. हे सगळ्यांना पटलं.

शुक्रवार उजाडला. एजन्सीनं अकराला संदेश सोडायचं ठरवलं होतं. बाबूजींनी पंचांग पाहून तो राहुकाळ असल्याचं जाहीर केलं, म्हणून संदेश नऊलाच गेला. मी त्या दिवशी मुद्दाम जळगावला गेले होते. दुकानातल्या संगणकावर ऑर्डरी टपटप पडायला लागल्या, चोपडा, शिंदखेडा, पुणे, एक तर थेट इंदूरहून. भाभी प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचायच्या आणि बाबूजी “आपलेच लोक” म्हणायचे, इंदूरलासुद्धा.

दुपारच्या आत अक्कांचा फोन आला. घरघंटी घ्यायची होती, पण पैसे जात नव्हते. भाभींनी फोन स्पीकरवर टाकला.

“नवा फोन लिधा काल,” अक्का म्हणाल्या. “त्याम्हा ते यूपीआय टाकं. आते पैसा जात नही.”

भाभींच्या लगेच लक्षात आलं. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांच्या वर रक्कम जात नाही, फसवणूक होऊ नये म्हणून. घरघंटी त्याच्या कितीतरी वर. हप्त्यांसाठी लागणारं क्रेडिट कार्ड अक्कांकडे नव्हतं. आणि सेलची किंमत रात्रीपर्यंतच.

“उद्या भरा, तुमच्यासाठी भाव धरून ठेवते,” भाभी म्हणाल्या.

“मन्हासाठे कशाले?” अक्का फणकारल्या. “मी काय भीक मांगी राहिनू का? दुकानम्हा येस तव्हय निम्मा देस, निम्मा घर उनावर. तसं नही का तुन्हा यंत्रम्हा?”

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात खरंच तशीच पद्धत होती. थोडे आगाऊ द्यायचे, बाकी माल घरी उतरल्यावर. वेबसाइट करताना ती कुणालाच आठवली नव्हती, अगदी बाबूजींनाही. आगाऊ रक्कम दिलेला माणूस दारातून माल सहसा परत पाठवत नाही, म्हणजे भाड्याची धास्तीही बरीच कमी. भाभींनी पुण्याला फोन लावला. एजन्सीकडे तशी सोय तयारच होती, फक्त चालू करायची राहिली होती. मी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर ओळ लिहिली: ‘थोडे आत्ता, बाकी घरी.’ बाबूजींनी ती वाचली आणि विचारलं, “यात नवीन काय?” भाभी म्हणाल्या, “काहीच नाही, बाबूजी.” आणि ते खूश झाले.

चहा होईपर्यंत त्या सोयीचं बटण पानावर दिसायला लागलं. अक्कांनी पाच हजारांच्या आतली आगाऊ रक्कम भरली आणि पुन्हा फोन करून ती पोचल्याची खात्री करून घेतली. संध्याकाळपर्यंत मोठ्या वस्तूंच्या बहुतेक ऑर्डरी त्याच बटणावरून आल्या. ‘हप्ते तुमचे, व्याज आमचं’ ही माझी लाडकी ओळ पुणे-नाशिककडच्यांनी वापरली, खानदेशानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला थोडं लागलं. भाभींना मुळीच नाही, कारण जेवढे हप्ते कमी तेवढं भरायचं व्याज कमी.

ते बटण सेल संपल्यावरही तसंच राहिलं. भाचीच्या लग्नाचं बोलावणं मलाही आलं. मांडवात आहेराच्या वस्तू मांडल्या होत्या आणि मधोमध घरघंटी, हळदी रंगाच्या रिबिनीत. अक्का येणाऱ्या प्रत्येकीला ती दाखवत होत्या, झाकण उघडून, आतलं पातं दाखवून. मी जवळ गेले तर माझा हात धरून त्यांनी पाहुण्यांना ओळख करून दिली, “हाई ती ताई, इन्हीच शेठले जित्ता कया.”

शेठना मी जिवंत केलेलं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात अक्षता वाटायला माणूस आला.