डॉलर वाढला आणि साहेब फुगले

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघायचो. वर्षअखेरच्या बैठकीत आमचे निर्यातीचे साहेब लग्नातल्या मामासारखे छाती काढून उभे राहिले. "बजेटपेक्षा जास्त रुपये आणलेत की!" मालक खूश. मग मालक परदेशी रंगांची खरेदी बघणाऱ्या मॅडमकडे वळले. "तुमचा खर्च वाढलाय. यंदा पगारवाढ विसरा."

मला आतून गुदगुल्या झाल्या. बजेटमध्ये डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांना धरला होता, प्रत्यक्षात तो सरासरी अठ्ठ्याऐंशीला पडला. मी दोघांचेही आकडे फळ्यावर बजेटच्याच दराने पुन्हा मांडले. साहेबांनी ठरल्यापेक्षा तीस हजार डॉलर कमी आणले होते. मॅडमनी मात्र ठरलेला सगळा रंग पाच हजार डॉलर वाचवून घेतला होता.

"पण रुपये तर आले की!" साहेब खेकसले.

"व्हय साहेब," मॅडम म्हणाल्या, "डॉलर तुमीच वर ढकललाय, आमाला ठाऊक हाय."

मालकांनी मॅडमच्या पगारवाढीवर सही केली. साहेब मात्र काहीच शिकले नाहीत असं नाही. पुढच्या बजेटात डॉलर ऐंशीलाच धरा, असा त्यांनी तिथल्या तिथे हट्ट धरला.