एक जूनचा बसवराज

मी गणिताचा मास्तर. पुण्याला व्यवसाय मार्गदर्शनाचा कोर्स करून आलो म्हणून प्रयोगशाळेशेजारची खोली मला मिळाली. पोरांनी तिथं यावं, मन मोकळं करावं. येत कुत्रं नव्हतं.

१९७३च्या दिवाळीआधी अकरावीतला वळसंगचा बसवराज आला. एनडीएच्या प्रवेश परीक्षेसाठी पहाटे धावणारा, इंग्रजी घोकणारा हा पोरगा सहामाहीत गणितात गडगडला होता. मी शहाणपणा करून वेळापत्रकच काढून दिलं. त्यानं ते घडी करून खिशात घातलं आणि तसाच बसून राहिला. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, गप्प बसावं.

मग तोच म्हणाला, "सर, मी परीक्षेलाच बसू शकत न्हाय. घरी सांगू नका."

"तू म्हणशील तोवर नाही सांगणार."

एनडीएच्या जाहिरातीत २ जुलै १९५६च्या आधी जन्मलेला चालत नव्हता. शाळेत याची तारीख १ जून १९५६. एका महिन्यानं बाद!

"खरी कधीची?"

"आई म्हणती, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. आप्पांनीच गुरुजींना सांगितलं, जून घाला, पोरगं लवकर शाळंत बसू द्या."

मी जनरल रजिस्टर काढलं. वळसंगची अकरा पोरं, सगळी एक जूनची. मला हसू आलं आणि रागही.

"सर, तुमीच खोडा की."

"खोडलं तर तू बाद आणि मी घरी," मी खेकसलो. मग शांतपणे समजावलं. परीक्षा घेणारे दिल्लीवाले मॅट्रिकच्या दाखल्यावरचीच तारीख धरतात. शाळा सोडायच्या आत ती बदलता येते, पण त्याला तहसीलमधला जन्मनोंदीचा उतारा लागतो, वडिलांचा अर्ज लागतो आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी.

वडिलांचा म्हटल्यावर पोरगा पांढराफटक पडला. "त्यांनी गावभर सांगितलंय सर, पोरगा आफिसर होणार म्हणून."

"मी येतो सोबत. पण बोलायचं तू." तो नको म्हणाला. रविवारी एकटाच गेला.

बुधवारी त्याचे वडील चनमल्लप्पा उतारा घेऊन हजर. १२ ऑगस्ट १९५६. अर्जावर अंगठा उठवून ते पोराकडं वळले. "चूक माझी. आन इतके दिवस तू एकटा झुरत बसलास व्हय रे?" बसवराज ढसाढसा रडला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

बोर्डाचा फॉर्म जायच्या तीन दिवस आधी मंजुरी आली. पोरगा लेखी पास झाला. मुलाखतीत मात्र नापास.

ही बातमी मला चार दिवसांनी कळली, तीही चनमल्लप्पांकडून. "निकालाचा कागद आला तसा मळ्यात पळत आला की. आदी मलाच सांगितलं त्यानं." नापासाची बातमी सांगताना माणसाचा चेहरा इतका फुललेला मी पहिल्यांदाच पाहिला.