फुलसिंग गुरुजींचा दुसरा कागद

फुलसिंग गुरुजींचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरावं तसं. नेरच्या आमच्या शाळेत त्यांच्या फळ्याकडे पाहून मी, मराठीचा मास्तर, रोज कपाळाला हात लावायचो. माणूस बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, उंच, हट्टी. त्यांच्या आज्यानं बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता, आणि गुरुजी विज्ञान शिकवायचे तेही तसंच, सगळं ओझं सोबत घेऊन. भिंग, बाटल्या, मेणबत्त्या, दोरे. पिशवीत काय नसेल तेच विचारावं.

बासष्ट साली सहावीत रौशन होती. जब्बार मिस्त्रीची मुलगी. मिस्त्री डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. पोरगी बोलायला चुणचुणीत, पण पुस्तक उघडलं की वाचा बसायची. वाचताना ओळ हरवायची, 'भ'चा 'म' करायची, जोडाक्षरापाशी थांबली की थांबलीच. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहायची. डोळे तपासून झाले, ते धडधाकट निघाले. आज याला डिस्लेक्सिया म्हणतात. तेव्हा आमच्याकडे त्याला एकच शब्द होता, आळस, आणि तो तिच्या प्रगतिपुस्तकात मीच लिहिला होता. त्याची लाज मला आजही वाटते.

रौशन एकदा सहावीत नापास झालेली होती. पुन्हा झाली तर घरी बसवीन, असं मिस्त्री सांगून गेला होता. तो काही दुष्ट नव्हता. पोरीला वर्गात रोज हसतात, हे त्याला पाहवत नव्हतं.

फेब्रुवारीत बाष्पीभवनाचा धडा आला. गुरुजी कार्बन लावून सगळ्या वर्गासाठी सरावाचे कागद लिहीत. वर दहा ओळींचा गच्च मजकूर, खाली पाच प्रश्न. रौशनसाठी त्यांनी वेगळा कागद केला. ओल्या साडीचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, साडी कशाने वाळते, उन्हाने की चांदण्याने? बरोबर त्यावर खूण करा. अशा चार खुणा. मला दाखवला तेव्हा स्वारी खूश होती.

रौशननं तो पाणी प्यावं इतक्या वेळात संपवला आणि परत आणून दिला. मी तेव्हा वर्गातच होतो. ती मान खाली घालून म्हणाली, "गुरुजी, मले वाचता येत नाही. समजते."

संध्याकाळी गुरुजी माझ्या घरी येऊन ओट्यावर बसले आणि पाठाचं टाचण माझ्यासमोर आपटलं. त्यात धड्याचा हेतू लिहिला होता: बाष्पीभवन कशानं लवकर होतं ते कारणासह सांगता यावं, आणि ते तपासायला प्रयोग मांडता यावा. "मी काय केलं सांगू?" ते म्हणाले. "अडचण वाचायची होती अन् मी विज्ञानच कापून टाकलं. आता टाचण जसंच्या तसं राहीन. कागद बदलन."

मग त्या हट्टी माणसानं काय काय केलं! दहा ओळींच्या चार पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरीला छोटं चित्र. प्रश्न पाचच्या पाच ठेवले, 'का?' हा शब्द एकाही प्रश्नातून गाळला नाही, पण एका कागदावर एकच प्रश्न. निरीक्षणाला तक्ता आखून दिला. पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खिडकी कापली, म्हणजे बाकीच्या ओळी झाकल्या जातील. 'बाष्पीभवन' आणि 'पृष्ठभाग' हे शब्द तोडून तोडून मोठ्या अक्षरात भिंतीवर लावले. प्रश्न कोणीतरी वाचून दाखवायचा, उत्तर तिनं तोंडी किंवा नावं दिलेल्या आकृतीनं द्यायचं, वेळ दीडपट. विज्ञानाच्या गुणांतून शुद्धलेखन कापायचं नाही. ते मी वेगळं शिकवायचं, रोज अर्धा तास, असं त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं.

गंमत अशी की कागद लिहायला सुवाच्य अक्षर हवं, आणि तेच गुरुजींकडे नव्हतं. पन्नाशीला टेकलेला हा माणूस माझ्यासमोर बसून दुरेघी वहीत 'भ' आणि 'म' गिरवायला लागला. मी त्यांच्या चुका काढायचो आणि मनातून मजा घ्यायचो. पण चौथ्या दिवशी त्यांचा 'भ' माझ्यापेक्षा बरा आला, तेव्हा मी चुका काढायचं सोडलं.

प्रयोग मांडायचा धडा वर्गाला जड गेला. पोरं एकदम ऊन, वारा, ताट, वाटी सगळंच बदलायची. रौशनला तो अडला नाही. इंजिन चालत नसलं तर तिचे अब्बा एका वेळी एकच गोष्ट बदलतात, चालवून पाहतात, मग दुसरी. दोन एकदम बदलल्या तर बिघाड कुठं होता ते कळत नाही. हे तिनं वर्गाला सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

तरी खरी गाठ हेडमास्तरांशी होती. भगवानराव शिस्तीचे. ही सवलत वार्षिक परीक्षेत दिली तर उद्या दहा बाप दारात उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा तिला तीन सोपे प्रश्न द्या आणि ढकला वरच्या वर्गात. फुलसिंग गुरुजी म्हणाले, ढकलायची नाही, प्रश्न सगळ्यांचेच द्यायचे. शेवटी ठरलं, भगवानराव स्वतः तोंडी घेतील, प्रश्न त्यांच्या मनातला. उत्तर आलं तर सगळ्या विषयांचे प्रश्न तिला वाचून दाखवायचे. नाही आलं तर विषय संपला. म्हणजे तिची शाळाही संपली, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मार्चचं ऊन. भगवानरावांनी दोन सारखे फडके घेतले, दोन्हींवर एकेक वाटी पाणी ओतलं. एक अंगणात पसरला, दुसरा चौपदरी घडी करून व्हरांड्यात रांजणाजवळ ठेवला. थोड्या वेळानं पसरलेला वाळला, घडीचा ओलाच. "पाहिलंस?" ते म्हणाले. "घडी केली म्हणून हा उशिरा वाळतो. कारण सांग."

रौशननं आधी अंगणातल्या फडक्याला हात लावला, मग रांजणाजवळच्या. मग म्हणाली, "सांगता येत नाही, सर."

फुलसिंग गुरुजींनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

"तुमी दोन गोष्टी बदलल्या," ती हळूच म्हणाली. "घडी बी केली अन् सावलीत बी ठेवला. मंग घडीनं उशीर झाला का सावलीनं, कसं समजन? घडीचा उन्हात ठेवा, मंग मी सांगतो."

भगवानरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते उठले, ओला फडका पिळून उन्हात वाळवला, दोन्ही पुन्हा वाटी वाटी पाण्यानं भिजवले आणि या वेळी दोन्ही उन्हात नेऊन ठेवले, एक पसरून, एक घडी करून. शाळेत हेडमास्तरांना फडका पिळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

या खेपेलाही घडीचाच मागे राहिला. घडीत पाण्याचा थोडाच पृष्ठभाग हवेला उघडा असतो, म्हणून वाफ सावकाश होते, असं रौशननं आकृती काढून सांगितलं. 'बाष्पीभवन' तिनं आकृतीत दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा चुकवलं. भगवानरावांनी दोन्ही शब्दांवर बोट ठेवलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि पूर्ण गुण दिले.

वार्षिक परीक्षेत तिला प्रश्न मी वाचून दाखवले. ती पास झाली, विज्ञानात वर्गात दुसरी. निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा 'आळस' या शब्दावर मी जाड रेघ मारली. वर काय लिहावं सुचेना. फुलसिंग गुरुजी मागून वाकून पाहत होते. म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिहा, मास्तर. तिले वाचता आलं पाहिजे."