औषधांच्या खिडकीवरची ताई

सासूबाईंच्या आजारपणात ताईंची औषधदुकानातली नोकरी सुटली ती सुटलीच. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी सासरी गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा ताईंनी कपाटातून फार्मसीची जुनी पदविका काढली आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीवर त्या सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर, म्हणजे काम पाहून मग कायम करायच्या बोलीवर, लागल्या. पहिल्या दिवशी खिडकी उघडायच्या कितीतरी आधी त्या दारात हजर होत्या.

पण मधल्या वर्षांत औषधांची नावं बदलली होती, सगळं संगणकावर गेलं होतं आणि रांग काही केल्या हटत नसे. खिडकीचा प्रमुख वयाने लहान, पण शिकवताना कधी कंटाळला नाही. चुका झाल्या तेव्हा त्याने लेखी समज दिली, वरिष्ठांना सांगून परिवीक्षेची मुदतही वाढवून घेतली. तरी ताईंच्या हातून एका आजोबांना रक्तदाबाची दुप्पट ताकदीची गोळी गेली. संध्याकाळचा हिशेब जुळवताना ते लक्षात आलं. आजोबांनी अजून घेतली नव्हती, म्हणून निभावलं.

सेवा संपवायचं ठरलं. प्रमुखाने सूचनापत्राच्या मसुद्यात ‘निष्काळजीपणा’ लिहिलं होतं. कार्मिक विभागाच्या बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

“हा आरोप झाला. मग चौकशी लावा, त्यांचंही म्हणणं ऐका. मुळात त्या निष्काळजी आहेत का?”

प्रमुखाने तो शब्द खोडला. “नाही. काळजी करून करूनच चुकतात.”

मग सूचनापत्र निघालं, चारच ओळींचं. परिवीक्षेतील काम या पदासाठी योग्य न आढळल्याने, नेमणूकपत्रातील अटीनुसार एक महिन्याची सूचना देऊन सेवा समाप्त करण्यात येत आहे. कामाचा अखेरचा दिवस पुढील महिन्याची तीस तारीख. त्या दिवसापर्यंतचा पगार आणि शिल्लक रजेची रक्कम खात्यात जमा होईल.

ताईंनी ते दोनदा वाचलं, पोच म्हणून सही केली आणि विचारलं, “आजोबा बरे आहेत ना?”

घरी यजमान भडकले. एवढं राबवून घेतलं आणि वाऱ्यावर सोडलं, वकील गाठू म्हणाले.

“अहो, राहू द्या,” ताई म्हणाल्या. “उद्या तुमच्याच गोळ्या मी काढून दिल्या, तर खाल का न बघता?”

त्यांना उत्तर सुचलं नाही. न सुचणं हेच ताईंना सगळ्यात जास्त लागलं.

तो महिना त्यांना खिडकीवर बसवलं नाही. मागच्या खोलीत मुदत संपलेली औषधं वेगळी काढायचं काम दिलं. ते त्यांनी एकही खाडा न करता केलं. शेवटच्या दिवशी ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली परत केली. सोडायला प्रमुख फाटकापर्यंत आला. ताईंनीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे त्या एका कापडदुकानात बसू लागल्या. तिथे त्यांचं बरं चाललं, गिऱ्हाईक त्यांचं नाव विचारत येई. फक्त शेजारपाजारच्या कुणी गोळीचं पाकीट पुढे करून ‘ही कशावरची हो?’ म्हटलं, की त्या हात मागे घ्यायच्या. म्हणायच्या, “मला नका विचारू. माहितगाराला विचारा.”