बाण आणि मामाची जागा

भाचीचं लग्न अकोल्याला, गोरज मुहूर्तावर. आमच्याकडे अंतरपाटाशी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि तिला मामा एकच, मी. अमरावतीहून वेळेत निघालो होतो, पण गाडीनं दगा दिला.

स्टेशनाबाहेर आलो तेव्हा उन्हं कलली होती. कार्यालय नवं, माझ्या पाहण्यातलं नाही, पण चालत जाण्याइतकं जवळ. फोनवर नकाशा उघडला. निळा ठिपका म्हणजे मी, त्याला फुटलेला बाण म्हणजे माझं तोंड. कार्यालय पश्चिमेला दिसत होतं. बाण तिकडे वळेपर्यंत जागच्या जागी फिरलो आणि तरातरा निघालो. समोरून एक आजोबा येत होते, विचारता आलं असतं. पण लहानपणापासून अकोल्यात येणारा माणूस स्टेशनाबाहेर रस्ता विचारतो की काय!

रस्त्याच्या एका अंगाला रेल्वेची भिंत, दुसऱ्या अंगाला गोदामांची. ना गल्ली, ना रिक्षा. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अरे, कुठीसा हायस? पोरगी बाहीर येऊन नाई राहिली. मामा येऊ दे म्हनते."

"आलोच, ताई!"

आणि मी आणखी जोरात चालू लागलो. भिंती काही संपेनात. नकाशा पाहिला तर बाण अजूनही कार्यालयाकडेच रोखलेला, पण ठिपका मात्र त्यापासून लांब सरकलेला. बाण चुकेल एक वेळ, ठिपका तर खोटं बोलणार नाही. मग ध्यानात आलं, मावळतीचं ऊन माझ्या पाठीवर होतं. पश्चिमेला निघालेल्या माणसाच्या तोंडावर ऊन यायला नको का? फोनच्या कव्हरची झडप मी मागे दुमडली होती. तिच्यातलं लोहचुंबक फोनला चिकटलं होतं, फोनमधल्या होकायंत्राचा बाण बिचारा त्याच्याच नादी लागला होता. कव्हर ओरबाडून काढलं, बाण ताळ्यावर यावा म्हणून फोन हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवला. बाण गर्रकन माझ्या मागे वळला. मला स्वतःचाच असा संताप आला की रडू फुटायचं तेवढं राहिलं.

आता त्याच भिंतींमधून उलटं पळणं आलं. ताईला फोन लावला. तिनं उचलला आणि नुसता धरून ठेवला. पलीकडून मंगलाष्टकं ऐकू येत होती. मुहूर्त कोणासाठी थांबत नसतो. "सावधान" झालं, वाजंत्री वाजली, टाळ्या पडल्या, तेव्हाही माझ्या दोन्ही बाजूंना भिंतीच होत्या.

कार्यालयात पोचलो तेव्हा माणसं अक्षता तुडवत पंगतीकडे निघाली होती. भाचीसमोर मान वर होईना. "माह्या जागी कोन उभं होतं?" एवढंच विचारलं.

"कोनीच नाई," ती म्हणाली. "काका आले होते, पन मी उभंच राहू देलं नाई."